‘ओके बूमर’ आणि दोन पिढ्यांची खतावणी

नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात न्यूझीलंडच्या संसदेत हवामानबदलाविषयीच्या विधेयकावर चर्चा चालू होती. देशातून होणारे कर्बवायूंचे उत्सर्जन २०५० सालापर्यंत कोठवर खाली आणायचे, हा त्या विधेयकाचा गाभा होता. ग्रीन पक्षाच्या पंचवीस वर्षांच्या सदस्य क्लोई स्वारब्रिक बोलावयास उभ्या राहिल्या. २०५० साली आपण छप्पन्न वर्षांच्या असू, आणि या सभागृहाचे आजचे सरासरी वय मात्र एकोणपन्नास आहे, असे त्या सांगत होत्या. त्याच वेळी विरोधी बाकावरून त्यांच्या वयावरूनच कोणीतरी टोकले. स्वारब्रिक क्षणभरही थांबल्या नाहीत. हात किंचित हलवून त्यांनी ‘ओके बूमर’ एवढेच म्हटले आणि पुढचे वाक्य सुरू केले. सभागृहात कोणी हसले नाही, कोणी निषेधही केला नाही. बहुतेकांना त्या शब्दांचा अर्थच ठाऊक नसावा. संसदेच्या दूरदर्शन वाहिनीवर खाली उमटणाऱ्या अक्षरांतही ‘बूमर’चे ‘बर्मा’ झाले.

दोन दिवसांत मात्र ते दोन शब्द जगभर गेले. एका बाजूने टाळ्या पडल्या, तर दुसऱ्या बाजूने ज्येष्ठांचा अपमान झाल्याची ओरड झाली. स्वारब्रिक यांनी यावर जे लिहिले त्याचा आशय लक्षात घेण्याजोगा आहे. माझ्या पिढीवर होणाऱ्या परिणामांविषयी मी बोलत असताना माझे वय काढले गेले. मी उत्तरादाखल समोरच्याच्या पिढीचे फक्त नाव घेतले, तर त्याचा लोकांना एवढा राग यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे एका लेखात त्यांनी या शब्दांना पुढच्या पिढ्यांच्या थकव्याचे उद्गार म्हटले. राग, तिरस्कार वा उद्धटपणा हे शब्द त्यांनी स्वतःसाठी निवडले नाहीत, थकवा हा शब्द निवडला.

या प्रसंगात एक गंमत दडलेली आहे. ज्यांनी टोकले असे वृत्तपत्रांनी छापले, ते टॉड म्युलर १९६८ साली जन्मलेले. हिशेबाने पाहिले तर ते बूमर नव्हेतच.

‘बूमर’ हा मुळात शिवीचा शब्द नाही. तो जनगणनेचा शब्द आहे. दुसरे महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले, लग्ने झाली आणि अमेरिकेत जन्मांची लाट आली. १९४६ साली सुमारे चौतीस लाख मुले जन्मली. १९५७ साली हा आकडा त्रेचाळीस लाखांवर गेला. १९६४ नंतर लाट ओसरली. या अठरा-एकोणीस वर्षांत जन्मलेल्या सुमारे साडेसात कोटी मुलांना ‘बेबी बूमर’ हे नाव पडले, आणि पुढे ते सुटसुटीत होऊन ‘बूमर’ झाले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड येथेही थोड्याफार फरकाने अशीच लाट आली होती. त्यानंतरच्या पिढीला ‘जनरेशन एक्स’, १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेल्यांना ‘मिलेनियल’ आणि त्यानंतरच्यांना ‘जनरेशन झेड’ म्हणतात.

२०१९ पर्यंत या शब्दाचा जन्मवर्षाशी असलेला संबंध सुटत चालला होता. बोलणारा पन्नाशीचा असो वा सत्तरीचा, ‘आमच्या वेळी असे नव्हते’ या सुरात तो बोलू लागला की तो बूमर. म्हणून म्युलर यांना तो शब्द लागू पडला, आणि म्हणूनच तो अधिक बोचला. जन्मतारीख चुकीची असल्याचे दाखवून सुटका करून घेता येत नाही, असे ते नाव झाले आहे.

परंतु खरा डंख ‘बूमर’मध्ये नसून ‘ओके’मध्ये आहे. ओके म्हणजे मान्य. येथे मात्र त्याचा अर्थ अगदी उलट होतो. तुम्ही बोलत राहा, मी ऐकणे थांबवले आहे, असा तो होतो. मराठीला हा प्रकार नवा नाही. घरातील वाद वाढू लागला की धाकटी माणसे ‘बरं बाबा, तुमचंच खरं’ असे म्हणून उठून जातात. शब्दांत संमती असते, पण स्वरात पूर्णविराम असतो. तोंडावर केलेला विरोध एक वेळ सोसवतो, कारण विरोध करणारा निदान आपले म्हणणे मनावर घेतो. ‘तुमचंच खरं’ ऐकल्यावर वडीलधाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. ‘ओके बूमर’ हे त्याच वाक्याचे इंग्रजी रूप. फरक एवढाच की ‘तुमचंच खरं’ हे एका माणसाला उद्देशून असते, तर ‘ओके बूमर’ हे सबंध पिढीला उद्देशून असते.

हा प्रयोग रूढ झाला तो २०१९ मध्ये. टोपी घातलेला एक पिकल्या दाढीचा गृहस्थ चलच्चित्रात तरुणांना बोल लावतो : या मुलांना मोठे व्हायचेच नाही, यांना कधीच न संपणारे बालपण हवे आहे. टिकटॉक या माध्यमात हजारो मुलांनी त्याच्या चित्राशेजारी स्वतःचे चित्र जोडले. तो बोलत असताना ती काहीच बोलत नाहीत. वहीच्या कागदावर ‘ओके बूमर’ असे दोन शब्द लिहितात आणि कागद समोर धरतात. पुढे हे शब्द छापलेले अंगरखे विकले गेले. एका मोठ्या अमेरिकी वाहिनी समूहाने तर या नावाच्या बोधचिन्हासाठी नोंदणीचा अर्जही केला, पण तो यशस्वी झाला नाही. व्यापाराची संधी कोठून निघेल हे सांगता येत नाही, हे खरेच.

या मुलांनी वाद घालणे का सोडले, हे समजण्यासाठी आधीची काही वर्षे पाहावी लागतात. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील टिम गर्नर या श्रीमंत घरबांधणी व्यावसायिकाने दूरदर्शनवरील मुलाखतीत तरुणांना घरे का घेता येत नाहीत, याचे कारण सांगितले. आपण पहिले घर घेण्यासाठी धडपडत होतो तेव्हा एकोणीस डॉलरचे कुस्करलेले अॅव्होकॅडो आणि चार-चार डॉलरच्या चार कॉफ्या विकत घेत नव्हतो, असे ते म्हणाले. हे गृहस्थ स्वतः पस्तिशीचे, म्हणजे ‘मिलेनियल’च होते. त्यांचे वाक्य मात्र ज्येष्ठांच्या तोंडी बसले आणि घरोघरी ऐकवले गेले.

व्यापारी घरात असे विधान ऐकले की पहिली प्रतिक्रिया पेन्सिल हातात घेण्याची असते. तसेच करून पाहू. एकोणीस अधिक सोळा, म्हणजे एका न्याहारीचे पस्तीस डॉलर. आठवड्यातून एकदा ही चैन केली तर वर्षाला अठराशे वीस डॉलर होतात. त्या सुमारास सिडनीत मध्यम घराची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेलेली होती. कर्ज देणारी बँक साधारणपणे वीस टक्के रक्कम स्वतःची आणावयास सांगते, म्हणजे दोन लाख डॉलर. चैन पूर्ण थांबवून ते पैसे बाजूला टाकले तर व्याज सोडून ही रक्कम जमण्यास एकशे दहा वर्षे लागतील. काटकसरीचा उपदेश मुळात चुकीचा नाही, परंतु येथे रोग एक आणि औषध दुसरेच, असा प्रकार झाला. ज्याने हा गुणाकार केलेला आहे, त्याला तो उपदेश दहाव्यांदा ऐकवला की त्याच्याकडून युक्तिवाद येत नाही. येतात ते दोन शब्द.

मग ज्येष्ठांचे म्हणणे निव्वळ हट्टाचे आहे काय? अमेरिकेतील घरांचाच हिशेब मांडून पाहिला तर तसे दिसत नाही. तेथे १९७० साली नव्या घराची मध्यम किंमत सुमारे तेवीस हजार चारशे डॉलर होती आणि कुटुंबाचे मध्यम वार्षिक उत्पन्न दहा हजारांना थोडे कमी. म्हणजे घराची किंमत सव्वादोन ते अडीच वर्षांच्या उत्पन्नाएवढी. वीस टक्के स्वतःचे घालायचे तर चार हजार सातशे डॉलर, म्हणजे अर्ध्या वर्षाच्या मिळकतीहूनही कमी. २०१९ साली किंमत तीन लाख वीस हजारांच्या आसपास पोहोचली आणि उत्पन्न शहाऐंशी हजारांच्या. आता घर पावणेचार वर्षांच्या उत्पन्नाएवढे झाले आणि स्वतःची वीस टक्के रक्कम चौसष्ट हजार, म्हणजे नऊ महिन्यांची संपूर्ण कमाई. नवी घरे पूर्वीपेक्षा मोठी झाली आहेत, हे येथे मान्य केले पाहिजे. पण लहान घरे बांधलीच जात नसतील तर घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय हे उत्पन्न सर्व वयांच्या कुटुंबांचे आहे. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाची मिळकत त्याहून कमी असते, आणि बचत सुरू करण्याआधी त्याला शिक्षणाचे कर्ज फेडायचे असते. २०१९ मध्ये अमेरिकेतील अशा कर्जांची एकूण बाकी दीड लाख कोटी डॉलरच्या वर होती.

आता याच वहीचे दुसरे पान उघडावे. १९८१ च्या ऑक्टोबरात तेथील गृहकर्जाचा व्याजदर अठरा टक्क्यांच्याही वर गेला होता. त्या वर्षी नव्या घराची मध्यम किंमत एकोणसत्तर हजार डॉलर आणि कुटुंबाचे उत्पन्न सुमारे बावीस हजार चारशे. ऐंशी टक्के कर्ज म्हणजे पंचावन्न हजार दोनशे. तीस वर्षांच्या मुदतीने आणि अठरा टक्के दराने महिन्याचा हप्ता आठशे बत्तीस डॉलर येतो. त्यातील व्याज किती? पहिल्या महिन्यात आठशे अठ्ठावीस डॉलर. मुद्दल फिटले ते फक्त चार डॉलर! वर्षाचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या पंचेचाळीस टक्के होतात. उलट २०१९ साली चार टक्के दराने हप्ता सुमारे बाराशे बावीस डॉलरचा, म्हणजे उत्पन्नाच्या सतरा टक्केच. १९८१ साली ज्याने हे हप्ते भरले, नोकरी जाण्याच्या धास्तीत भरले (पुढच्याच वर्षाच्या अखेरीस तेथील बेकारी दहा टक्क्यांच्या वर होती), त्याला ‘तुम्हाला सगळे आयते मिळाले’ असे ऐकवले तर तो पेटून उठणारच.

म्हणजे दोन्ही पक्ष खोटे बोलत नाहीत. तरुण माणूस सुरुवातीच्या रकमेकडे पाहतो, तर ज्येष्ठ माणूस मासिक हप्त्याकडे. एकाच खतावणीतील ही दोन वेगवेगळी खाती आहेत. ज्येष्ठांच्या हिशेबात मात्र एक नोंद बहुधा गाळली जाते. अठरा टक्के दर टिकला नाही. पुढील दहा-बारा वर्षांत तो सात-आठ टक्क्यांवर आला. जुने कर्ज फेडून कमी दराचे नवे घेण्याची सोय तेथे होती, पगार महागाईबरोबर वाढत गेले आणि घराची किंमतही वाढत गेली. ज्याने पहिली पाच-सात वर्षे तग धरला, त्याचे ओझे आपोआप हलके झाले. याच्या उलट, ज्याला पहिली रक्कमच जमवता येत नाही त्याला स्वस्त व्याजाचा लाभ होत नाही, कारण तो कर्जदारच होत नाही. कर्ज देण्याच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा फरक लगेच उमगेल : जड हप्ता ही पिळवणूक असली तरी ती दाराच्या आतली, आणि न जमणारी पहिली रक्कम म्हणजे बंद दार.

तरुणांच्याही हिशेबात एक नोंद गळते. बूमर ही एकजिनसी पिढी नव्हे. अमेरिकेतील कौटुंबिक संपत्तीपैकी जवळपास निम्मी या पिढीकडे आहे हे खरे, परंतु पिढीकडे आहे म्हणजे त्यातील प्रत्येकाकडे आहे असे नाही. भाड्याच्या खोलीत राहून सत्तरीतही दुकानात उभी राहणारी माणसे त्याच वयाची आहेत. आणि १ डिसेंबर १९६९ च्या रात्रीचे काय? त्या रात्री वॉशिंग्टनमध्ये काचेच्या भांड्यातून जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढण्यात आल्या आणि ज्यांची तारीख आधी निघाली त्या मुलांना व्हिएतनामच्या युद्धासाठी बोलावण्याचा क्रम ठरला. त्या युद्धात सुमारे अठ्ठावन्न हजार अमेरिकी सैनिक मेले. जन्मतारखेमुळे एकदा एवढी किंमत मोजलेल्या पिढीला पुन्हा जन्मवर्षावरूनच गप्प बसवले जाते, तेव्हा तिला लागणारा घाव विनोदाचा उरत नाही.

दुर्दैवाने ज्येष्ठांच्या बाजूने आलेली काही उत्तरे त्यांच्याच बाजूला पाडणारी ठरली. अमेरिकेतील एका आकाशवाणी निवेदकाने ‘बूमर’ या शब्दाची तुलना कृष्णवर्णीयांसाठी वापरल्या जाणाऱ्या अत्यंत हीन शब्दाशी केली. तेव्हा एका प्रसिद्ध ऑनलाइन शब्दकोशानेच दोन्ही शब्दांचे अर्थ शेजारी ठेवून त्यांना उत्तर दिले, आणि निवेदकाला आपले लिखाण काढून टाकावे लागले. ज्येष्ठांच्या सर्वांत मोठ्या अमेरिकी संघटनेच्या, एएआरपीच्या, एका वरिष्ठ अधिकारी महिलेने मुलाखतीत असे सुचवले की, ठीक आहे मिलेनियल, पण पैसा तर आमच्याकडेच आहे. मूळ तक्रार जी होती, तीच त्यांनी साक्षीपुराव्यासह मान्य केली! संघटनेला पुढे दिलगिरी व्यक्त करावी लागली. दुकानात गिऱ्हाइकाने महाग म्हणून तक्रार केल्यावर मालकाने गल्ल्यावर हात आपटून दाखवावा, तसे हे झाले.

हा वाद न्यायालयाच्या दारापर्यंतही गेला. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नोरिस बॅब या औषधनिर्मातीचा खटला चालला. आपल्या वयामुळे सरकारी रुग्णालयात आपल्याला बढती व संधी नाकारल्या गेल्या, असा त्यांचा दावा होता. कायदा १९६७ चा. चाळीस वा त्याहून अधिक वयाच्या कर्मचाऱ्याला वयावरून डावलण्यास तो मनाई करतो. निर्णयाच्या वाटेवर कोठेही वयाचा विचार आला असेल तर तेवढ्यानेच कायदा मोडतो काय, हा प्रश्न होता. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, स्वतः १९५५ सालचे, म्हणजे अस्सल बूमर, यांनी वकिलाला विचारले : समजा, निवड करणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने उमेदवाराला एकदाच ‘ओके बूमर’ म्हटले, तर तेवढ्यावर दावा चालेल काय? न्यायालयात हशा पिकला. प्रश्न मात्र गंभीर होता. वकिलांचे उत्तर असे की, तो उद्गार नेमणुकीच्या निर्णयप्रक्रियेचाच भाग असेल तर चालेल, अन्यथा नाही. एप्रिलमध्ये आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला. केंद्र सरकारच्या सेवेतील निर्णयप्रक्रिया वयाच्या पूर्वग्रहापासून पूर्णपणे मुक्त असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पूर्ण भरपाई हवी असेल, तर वयामुळेच संधी हुकली हे सिद्ध करावे लागेल, अशीही मर्यादा घातली.

या कायद्यात तरुणांच्या रागाचेही एक कारण दडलेले आहे. तो चाळिशीपुढच्यांचे रक्षण करतो. पंचवीस वर्षांच्या उमेदवाराला ‘तू अजून लहान आहेस, तुला काय कळते’ असे म्हणून डावलले तर या कायद्याखाली त्याला दाद मागता येत नाही. ज्येष्ठांनी तरुणांना नाजूक, आळशी, ऐतखाऊ म्हटले तर तो अनुभवाचा बोल ठरतो आणि तरुणांनी दोन शब्दांत उत्तर दिले तर तो वयद्वेष ठरतो, अशी त्यांची भावना आहे. ज्येष्ठांना वाटते की आपल्याला म्हातारे म्हणून मोडीत काढले, आणि तरुणांना वाटते की आपल्याला पोरगेले म्हणून कधी मोजलेच नाही. अपमान दोघांचाही वयावरूनच झालेला असतो, आणि दोघेही दुसऱ्याच्या अपमानाला थट्टा म्हणतात.

हे शब्द आता आपल्याकडील घरांतही ऐकू येऊ लागले आहेत. नातवाने मोबाईलवरून मान वर न करता ‘ओके बूमर’ म्हटले की आजोबांना प्रथम आठवते ते बूमर नावाचे फुगे काढण्याचे च्युइंगम. अर्थ समजल्यावर मात्र ते अस्वस्थ होतात. आणि त्यांच्या अस्वस्थतेला एक निराळे कारण आहे. भारतात १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेल्या पिढीच्या वाट्याला युद्धोत्तर समृद्धीची लाट आलीच नाही. रेशनची रांग, टेलिफोन आणि स्कूटर यांसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, परवान्याशिवाय धंदा नाही, १९६८ च्या कायद्यापासून १९९० पर्यंत सराफाच्या प्रत्येक तोळ्यावर सरकारची नजर, आणि १९७३ च्या सुमारास अधिभारासह सत्त्याण्णव टक्क्यांच्या वर गेलेला प्राप्तिकराचा कमाल दर, ही तिची तरुणपणाची जमाखर्चाची वही. नव्वदीच्या मध्यात ज्यांनी घरासाठी कर्ज काढले, त्यांनी पंधरा टक्के व ऐन अडचणीत त्याहूनही अधिक व्याज भरले. अमेरिकेतील मुलगा ‘बूमर’ म्हणतो तेव्हा त्यात तुम्हाला स्वस्तात मिळाले, असा आरोप असतो. पुण्यातील वा कोल्हापुरातील मुलाच्या तोंडी तो आरोप नसतोच. त्याला एवढेच म्हणायचे असते की, आजोबा, तुम्ही तेच ते पुन्हा सांगत आहात.

आणि ते बरेचदा खरेही असते. पेढीवर बसलेले आजोबा स्कूटरच्या आठ वर्षांच्या प्रतीक्षेची गोष्ट विसाव्यांदा सांगतात, तेव्हा नातवाने त्यांना विचारलेले असते ते वेगळेच : हिशेब संगणकावर घ्यायचे की नाहीत?